सोन्याचे कण आणि एक सरळ रेघ

पातळ ढगाआडून चंद्र दिसतो तेव्हा कधी कधी त्याच्याभोवती रंगीत तेजोवलय पडतं. ढगातले थेंब जितके बारीक, तितकं ते वलय मोठं. मी प्रयोगशाळेत करतो ते मोजमाप याच तत्त्वावर चालतं. फक्त चंद्रप्रकाशाच्या जागी क्ष-किरण असतात आणि थेंबांच्या जागी पाण्यात तरंगणारे सोन्याचे कण. हे कण इतके लहान असतात की त्यांचं पाणी सोनेरी नव्हे, माणकासारखं लाल दिसतं.

हे पाणी काचेच्या केसासारख्या बारीक नळीत भरायचं आणि त्यातून तांब्याच्या नळीतून येणारे ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण सोडायचे. बहुतेक किरण सरळ पार जातात. ते शोधकावर आदळू नयेत म्हणून वाटेत धातूचा छोटा अडसर ठेवलेला असतो. आपल्याला हवे असतात ते त्याच्या अगदी कडेने, अर्ध्या अंशाहूनही कमी कोनात विखुरलेले किरण. मग त्याच नळीत नुसतं पाणी भरून पुन्हा मोजायचं आणि ते वजा करायचं. उरतं ते सोन्याचं.

या लहान कोनांतली तीव्रता कशी घटते, याचा सोपा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे गिनिए यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मांडला:

ln I(q) = ln I(0) − q²Rg²/3

q ही कोन आणि तरंगलांबी यांवरून काढलेली राशी आणि I ही तीव्रता. Rg म्हणजे कणाचं वस्तुमान त्याच्या केंद्रापासून सरासरी किती दूर पसरलंय, याचं माप. आडव्या अक्षावर q² आणि उभ्या अक्षावर ln I घेतलं की बिंदू उतरत्या सरळ रेषेवर पडतात आणि तिच्या उतारात आकार दडलेला असतो.

एक उदाहरण करून पाहू. q² ०.०२ असताना ln I ७.९० आहे आणि q² ०.०८ झाल्यावर ७.६० (q प्रति नॅनोमीटर). म्हणजे ०.०६ अंतरात ०.३० उतरण, उतार ५. त्याला ३ ने गुणलं की Rg² १५ येतो आणि Rg ३.८७ नॅनोमीटर. भरीव गोलासाठी Rg ला १.२९ ने गुणलं की त्रिज्या मिळते: ५ नॅनोमीटर. व्यास १०.

पण गोम अशी की हा नियम q आणि Rg यांचा गुणाकार साधारण १.३ च्या आत असेपर्यंतच चालतो. म्हणजे रेघ कुठवर ओढायची हे ठरवायला आकार हवा, आणि आकार काढायला रेघ! म्हणून आधी अंदाजाने ओढायची, Rg काढायचा, मर्यादा तपासायची आणि बाहेरचे बिंदू सोडून पुन्हा ओढायची. आपल्या उदाहरणात शेवटच्या बिंदूला गुणाकार १.१ येतो, म्हणजे ठीक.

खरा घोटाळा रेषेच्या दुसऱ्या, डाव्या टोकाला होतो. समजा ५ नॅनोमीटर त्रिज्येचे १०० कण आहेत आणि १५ नॅनोमीटरचा एकच. शून्य कोनाजवळची तीव्रता त्रिज्येच्या सहाव्या घातानुसार वाढते, त्यामुळे तो एकटा लहान कणांपैकी ७२९ कणांइतकं विखुरतो. म्हणजे तिथल्या एकूण तीव्रतेचा ८८ टक्के वाटा त्याचा! अगदी डावीकडच्या उतारावरून त्रिज्या काढली तर ती १४ नॅनोमीटरच्या पुढे येते. शंभर जण एकीकडे आणि उत्तर एकाचं.

आलेखावर हे ओळखू येतं: डावीकडचे बिंदू रेषेच्या वर उचललेले दिसतात. तेव्हा ते खोडून टाकायचा मोह होतो. मीही एकदा खोडले, 'अडसराच्या कडेचा गोंधळ असेल' म्हणून. रेघ छान सरळ आली, व्यास १० आला. पंधरवड्यात त्याच बाटलीच्या तळाशी गाळ बसला. कण आधीच एकमेकांना चिकटू लागले होते आणि ते सांगणारे बिंदू मीच पुसले होते.

आता मी आधी नुसत्या पाण्याचं मोजमाप पाहतो. तीच उचल तिथेही असेल तर दोष यंत्राचा. पाणी वजा करूनही ती राहिली, तर नमुना अपकेंद्री यंत्रात फिरवून वरचं द्रावण पुन्हा मोजतो. उचल गेली, तर खाली गेलेले पुंजकेच तिचं कारण होते. उलट डावीकडचे बिंदू रेषेखाली झुकले, तर कण एकमेकांना दूर ढकलत असण्याची शक्यता असते. मग द्रावण पातळ करून पाहायचं.

म्हणून कुणी 'व्यास १० नॅनोमीटर' एवढंच सांगितलं, तर मी आधी आलेखाचं डावं टोक दाखवायला सांगतो.