बाईंच्या बोलण्याची वीस मिनिटं

जिल्हा परिषदेच्या शिक्षिका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात, त्याही महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. शाळेत नाव घालताना एक जून ही जन्मतारीख लावून देण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. त्यामुळे ३१ मे हा दिवस शाळाशाळांतून सेवापूर्तीच्या समारंभांनी भरून जातो. सूत्रसंचालकाची पहिली अडचण इथूनच सुरू होते: प्रमुख पाहुण्यांना त्याच दिवशी तालुक्यात आणखी दोन ठिकाणी जायचं असतं. ते उशिरा येतात, लवकर निघतात आणि त्यांच्या सोयीने कार्यक्रम ताणला जातो. ताण शेवटी पडतो तो ज्यांच्यासाठी सगळे जमलेत त्यांच्या भाषणावर. जेवणाचा वास येऊ लागला की बाई माईकपाशी उभ्या राहतात आणि "मी फार वेळ घेत नाही" एवढंच म्हणून खाली बसतात. छत्तीस वर्षं ज्यांनी ऐकवलं, त्यांचं ऐकायला त्या दिवशी वेळ उरत नाही. मला हे फार लागतं, आणि संहिता लिहायची ती मुख्यतः हे टाळण्यासाठी.

पत्रिकेवर बारा ओळी असतात: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत, प्रास्ताविक, मानपत्र, सत्कार, मनोगतं, पाहुण्यांचं मार्गदर्शन, सत्काराला उत्तर, अध्यक्षीय भाषण, आभार, राष्ट्रगीत. पुढे मिनिटं लिहिलेली नसतात. संहिता लिहायला बसताना मी पहिल्यांदा सत्काराला उत्तर या ओळीपुढे वीस मिनिटं लिहितो आणि मग उरलेल्यांना वेळ वाटतो.

एका नेहमीच्या कार्यक्रमाचा हिशेब मांडू. वेळ साडेदहा ते साडेबारा, म्हणजे १२० मिनिटं. राज्यगीत पावणेदोन मिनिटांचं, त्याला धरून दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन यांना आठ. ईशस्तवन आणि स्वागतगीत चार. पाच पाहुण्यांचं स्वागत सहा, प्रास्ताविक सात, मानपत्राचं वाचन चार, मुख्य सत्कार आठ. सहा मनोगतं प्रत्येकी चार मिनिटांची, म्हणजे चोवीस. दोन पाहुण्यांना मिळून बारा. बाईंना वीस. अध्यक्षांना दहा, आभाराला चार, राष्ट्रगीताला एक. बेरीज होते १०८. उरलेली बारा मिनिटं सूत्रसंचालकाची, आणि त्यातच वक्त्याने खुर्चीतून उठून माईकपर्यंत येणंही बसवायचं. या हिशेबाने बाई ११.५२ ला बोलायला उभ्या राहतात. संहितेत ही वेळ मी लाल शाईने लिहितो. बाकीच्या वेळा पुढेमागे झाल्या तरी चालतील, ही हलता कामा नये.

संहितेच्या कागदावर तीन रकाने करावेत: वेळ, बोलायचं वाक्य आणि खूण. खूण म्हणजे कुणी काय करायचं. हा रकाना ताट धरणाऱ्या मुली, माईकवाला आणि फोटोग्राफर यांच्यासाठी असतो, म्हणून कागदाची प्रत त्यांच्याही हातात हवी. मानपत्राचा भाग असा दिसेल:

१०.५८ — "बाई इथे रुजू झाल्या तेव्हा शाळा दोन खोल्यांची होती. आज ती पाच खोल्यांची आहे. त्यांच्यासाठी तयार केलेलं मानपत्र वाचत आहेत त्यांच्या शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका..."
खूण: "पाच खोल्यांची" हा शब्द येताच वाचणाऱ्या बाई उठतील. मानपत्राची चौकट टेबलावर उलटी ठेवलेली.

११.०२ — "बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी कृपया पुढे यावं."
खूण: पहिलं ताट शाल आणि श्रीफळाचं, डावीकडून. दुसरं साडी आणि पुष्पगुच्छाचं. मानपत्र शेवटी, कारण ते हातात आलं की दुसरं काही धरता येत नाही. माईक बंद, सनई सुरू.

खुणेचा शब्द ठरला की तो बदलायचा नाही. ऐनवेळी सुचलेली चारोळी मध्ये घातली तर ताटवाल्या मुली वाट पाहत राहतात आणि अध्यक्ष रिकाम्या हाताने उभे असतात. आणखी एक गोष्ट आधीच घरच्यांना हळूच विचारून कागदावर लिहावी. बाईंना ओटी, हळदीकुंकू चालणार आहे का, त्यांच्याबरोबर पुढे कोण येणार आहे. पती हयात नसताना "सपतीक सत्कार" असे शब्द माईकवरून गेले, तर ते परत घेता येत नाहीत.

दोन वक्त्यांमधल्या दुव्यासाठी मी वाक्य लिहित नाही, जागा सोडतो. तिथे आधीच्या वक्त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट टिपून घ्यायची आणि तीच धरून पुढच्याला बोलवायचं. माजी विद्यार्थ्याने पावसात बाईंनी ओढा ओलांडून आणल्याचं सांगितलं असेल, तर "त्या ओढ्यापलीकडच्या वस्तीतून आलेले पालक आता बोलतील" एवढं पुरतं. नावाआधी पाच विशेषणं लावली की सहा मनोगतांत पाच मिनिटं सहज जातात. नाव पुकारतानाच त्यापुढच्या वक्त्यालाही "तयार राहावं" असं सांगावं, म्हणजे तो पुढच्या रांगेत येऊन बसतो. चार मिनिटं संपत आली की चिठ्ठी पाठवावी. तिने भागलं नाही तर सूत्रसंचालकाने माईकच्या बाजूला येऊन शांतपणे उभं राहावं. बहुतेक वक्ते तेवढ्याने समजतात.

आता समजा पाहुणे वीस मिनिटं उशिरा आले. कार्यक्रम थांबवून ठेवला तर ११.५२ ची वेळ गेलीच. म्हणून सहापैकी तीन मनोगतं माजी विद्यार्थ्यांची ठेवावीत, आणि ती दीपप्रज्वलनाआधी घेता येतील असं त्यांना आधीच सांगून ठेवावं. तीन मनोगतांची बारा मिनिटं भरून निघतात, तोटा आठ मिनिटांचा उरतो. पाच पाहुण्यांचं स्वागत एकामागून एक न करता पाच जणांनी एकाच वेळी केलं की सहाची दोन मिनिटं होतात, चार वाचतात. उरलेली चार सूत्रसंचालकाने स्वतःच्या बोलण्यातून काढावीत. प्रास्ताविक कापू नये. बाईंनी कुठल्या गावात किती वर्षं काढली हे नीट सांगितलं जाण्याची ती एकच जागा आहे.

खरं संकट मुख्य सत्कारानंतर येतं. अध्यक्षांनी शाल घातली की नातेवाईक, संघटनेचे पदाधिकारी, मैत्रिणी आपापली शाल घेऊन रांग लावतात. माणशी अर्धं मिनिट धरलं तरी चाळीस जणांना वीस मिनिटं लागतात, म्हणजे नेमकं बाईंचं भाषण. त्यांचं प्रेम खरं असतं, त्यांना अडवताना जीभ जड होते. म्हणून ही सूचना प्रास्ताविकाच्याही आधी, रांग लागण्यापूर्वी द्यावी: "वैयक्तिक सत्कार राष्ट्रगीतानंतर याच व्यासपीठावर होतील. बाई प्रत्येकासाठी थांबणार आहेत." हे दुसरं वाक्य गाळू नये, त्यानेच लोक निश्चिंत बसतात. आभाराच्या शेवटी, राष्ट्रगीतापूर्वी, तीच सूचना आणि जेवणाची जागा पुन्हा सांगावी. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं आहे, आणि त्यानंतर माईकवरचं कुणी ऐकत नाही.