निशाणी ५ येण्याआधी

समजा, दोन भावांपैकी धाकट्याकडून तुम्ही ४० आर जमीन रजिस्टर खरेदीखताने घेतली. सातबाऱ्यावर नाव लागायचे आहे, विहिरीचे काम ठरले आहे आणि मृग तोंडावर आला आहे. अशात ३ जूनला थोरल्या भावाच्या वकिलाची नोटीस येते. त्यात लिहिले आहे की जमीन वडिलोपार्जित आहे, वाटप झालेलेच नाही, म्हणून खरेदी बेकायदा आहे आणि पंधरा दिवसांत ताबा सोडला नाही तर कोर्टात जावे लागेल. या पंधरा दिवसांत काय करायचे, याचे एक उत्तर म्हणजे कॅव्हेट.

थोरला भाऊ दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज देणार, हे उघड आहे. आपल्याकडच्या कोर्टांत या अर्जाला निशाणी ५ पडते, त्यामुळे वकील त्याला नुसते ‘निशाणी ५’ म्हणतात. कायद्याचा नेम असा की समोरच्याला नोटीस काढल्याशिवाय मनाई द्यायची नाही. मात्र नोटिशीत वेळ गेल्याने अर्जाचा हेतूच फसत असेल, तर न्यायाधीश कारणे लिहून एकतर्फी हुकूम करू शकतात. ही कारणे लिहिलीच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये शिवकुमार चढ्ढा खटल्यात बजावले. तरीही एका बाजूचेच कागद समोर असताना ‘उद्या विहीर खणतील’ हे वाक्य वजनदार ठरते. तूर्तातूर्त मनाई मिळते आणि ती पुढच्या तारखेपर्यंत असली तरी तारीख पडेपर्यंत पेरणीचा वाफसा निघून जातो. हुकूम उठवण्याचा अर्ज करता येतो, पण तोवरचे नुकसान परत येत नाही.

हे टाळण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आले. ‘असा अर्ज आला तर मला कळवा, माझे ऐकून मगच हुकूम करा’ एवढीच विनंती आगाऊ नोंदवून ठेवायची. कॅव्हेटने दावा अडत नाही आणि मनाईही अडत नाही. ऐकून घेण्याचा हक्क मिळतो, पण ज्याच्या पिकाची गोष्ट आहे त्याला एवढ्यानेही मोठा आधार होतो.

मसुदा दीड पानाच्या वर जायला नको. वर कोर्टाचे नाव, मग कॅव्हेट देणारा, मग ज्याच्याकडून अर्जाची अपेक्षा आहे तो, मग मिळकतीचे वर्णन: गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. त्यानंतर खरेदीखताचा नंबर व तारीख, आलेल्या नोटिशीची तारीख, आणि शेवटी गाभा: ‘गैरअर्जदार हे वरील मिळकतीबाबत अर्जदाराविरुद्ध दावा दाखल करून मनाई हुकूम मागण्याची शक्यता आहे. तरी अर्जदारास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणताही हुकूम करण्यात येऊ नये.’

इथेच थांबायचे. अनेकांना आपली सगळी बाजू इथेच मांडाविशी वाटते आणि ते मला धोक्याचे वाटते. कॅव्हेटची नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोहोचपावतीसह, समोरच्याला पाठवावीच लागते. ‘वाटप तोंडी झाले होते’ असे तुम्ही सहज लिहून गेलात, तर थोरल्या भावाच्या वकिलाला दाव्याचा मुद्दा घरपोच मिळाला. पोस्टाची पावती मात्र कॅव्हेटसोबत कोर्टात दाखल करा आणि एक प्रत जपून ठेवा.

कॅव्हेट फसते ते बहुतेक नावात. दावा आला की कोर्टाच्या कार्यालयात नावे ताडून पाहतात. तुम्ही फक्त थोरल्या भावाचे नाव घातले आणि दावा त्याच्या बायकोने, मुलाने किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीने लावला, तर ताळा जुळत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचाही हिस्सा असतो, म्हणून बहिणींची नावे विसरून चालत नाही. हिस्सा सांगू शकेल अशा प्रत्येकाचे नाव घाला आणि प्रत्येकाला वेगळी नोटीस पाठवा. स्वतःचे नाव खरेदीखतात जसे आहे तसेच लिहा. गावात दुसरे नाव चालत असेल तर ‘उर्फ’ जोडा. दाखल झाल्यावर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कॅव्हेट शोधून पाहावे. नोंदीत चूक दिसली तर तेव्हाच दुरुस्त होते.

दुसरी चूक कोर्टाची. जमिनीचा दावा जमीन असेल तिथल्या कोर्टात चालतो, पण कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर हे दाव्याच्या किमतीवर ठरते. शेतजमिनीच्या अनेक दाव्यांत ही किंमत बाजारभावाने न धरता आकारणीच्या पटीत धरतात. त्यामुळे लाखोंच्या जमिनीचा दावाही कनिष्ठ स्तराकडे जाऊ शकतो. नक्की सांगता येत नसेल तर दोन्हीकडे कॅव्हेट दाखल करणे बरे. तहसीलदार किंवा प्रांतांसमोरच्या फेरफाराच्या वादात मात्र दिवाणी कोर्टातले कॅव्हेट कामाला येत नाही.

आता मुदत. कॅव्हेट ९० दिवस चालते. १० जूनला दाखल केले तर ते ८ सप्टेंबरला संपते, आणि कोर्ट आठवण करून देत नाही. थोरल्या भावाने १२ सप्टेंबरला दावा लावला, तर तुम्ही जणू कॅव्हेट केलेच नव्हते. धोका कायम असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवे कॅव्हेट दाखल करून पुन्हा पोस्टाने नोटीस पाठवावी लागते.

म्हणून कधी करायचे, हा प्रश्न खरा. नुसत्या कुरबुरीवर करू नये. ९० दिवस वाया जातात आणि समोरच्याच्या मनात नसलेला दावाही त्याला सुचतो. वकिलाची नोटीस आली, फेरफाराला हरकत घेतली गेली, किंवा कोणी तुमच्या खरेदीखताची नक्कल काढल्याचे कळले, तर धोका खरा समजावा. मग स्वतःला विचारा: एकतर्फी हुकूम झाला तर पहिल्या पंधरा दिवसांत माझे काय थांबेल? विहीर, पेरणी किंवा बँकेचे मंजूर कर्ज थांबणार असेल तर कॅव्हेट करावे. जमीन पडीकच ठेवायची असेल आणि कोणतेही काम थांबणार नसेल, तर घाई नको. समन्स हातात आले असेल तर कॅव्हेटची वेळ गेली; तेव्हा वकीलपत्र आणि म्हणणेच द्यावे. माझ्या मते कॅव्हेट सर्वांत हमखास उपयोगी पडते ते दावा जिंकल्यावर. हरलेला पक्ष अपिलात स्थगिती मागणार हे ठरलेलेच असते. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाची मुदत ३० दिवस, त्यात नकलेचे दिवस धरले तरी ती सहसा ९० दिवसांत बसते.

आणि एक गोष्ट, जी लोक कॅव्हेट केल्यावर विसरतात. दावा आला की वादीला कागदांच्या प्रती तुम्हाला द्याव्या लागतात, त्यांचा खर्च तुमचा, आणि सुनावणी बऱ्याचदा एक-दोन दिवसांतच लागते. त्या दिवशी तुमच्या वकिलाने ‘म्हणणे द्यायला मुदत हवी’ म्हटले, की समोरून मागणी येते, ‘तोवर जैसे थे ठेवा’. असा हुकूम झाला तर विहीर थांबतेच. म्हणून वकीलपत्र सही करून ठेवा आणि म्हणण्याचा मसुदा आधीच करून घ्या. या खटल्यात सगळे एका मुद्द्यावर येऊन ठेपते: खरेदीआधी वाटप झाले होते का? वाटपाचा फेरफार, धाकट्याचा स्वतंत्र सातबारा, मागच्या वर्षांची पीकपाहणी आणि तुमच्या ताब्याचे फोटो एका फाइलमध्ये तयार असावेत. वाटपाचा कागद नसेल तर वकिलाला आधीच स्पष्ट सांगा. अविभक्त हिश्श्याच्या खरेदीदाराला ताब्यासाठी स्वतः वाटपाचा दावा करावा लागू शकतो, आणि मग विहिरीचे काम काढायचे की नाही हे कॅव्हेट लिहिण्याआधीच ठरवायला हवे.