पैसे ठगाकडे गेले हे लक्षात आल्यावर पहिला तास

समजा, मंडळीतील एका ताईंना सकाळी दहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. नंबर नवा, पण फोटो पाळकांचा. "वसतिगृहातील मुलगा दवाखान्यात आहे, १८,००० रुपये लगेच पाठवा." ताईंनी यूपीआयने रक्कम पाठवली. सव्वादहाला पाळकसाहेबांशी बोलणे झाले, तेव्हा कळले की निरोप त्यांचा नव्हताच.

आता घाई का करायची? ठग ही रक्कम पहिल्या खात्यात फार वेळ ठेवत नाही. ती दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि शेवटी एटीएममधून रोख काढतो. रक्कम खात्यात असेपर्यंत बँक ती रोखून धरू शकते. रोख निघाल्यावर मात्र रोखायला काही उरत नाही.

म्हणून ताईंनी प्रथम १९३० हा सरकारी मदत क्रमांक फिरवावा. तेथे आपले नाव, मोबाइल नंबर, बँक व खाते क्रमांक, रक्कम, वेळ, ज्याला पैसे गेले तो यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक विचारतात. हा क्रमांक यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. तो आधीच कागदावर उतरवून घ्यावा. आकडा चुकला तर पैशांचा माग लागणे कठीण होते. नोंद झाली की ती संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसे पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेकडेही जाते.

फोन लागत नसेल तर वाट पाहत बसू नये. घरातील दुसऱ्या कोणीतरी cybercrime.gov.in वर आर्थिक फसवणुकीची तक्रार भरायला घ्यावी. १९३० वर नोंद झाली असली तरी मिळालेला तक्रार क्रमांक वापरून याच संकेतस्थळावर पूर्ण तक्रार भरावी लागते.

त्यानंतर बँकेला कळवावे. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकातला घ्यावा, इंटरनेटवर शोधू नये. तेथे ठगांनीच पेरलेले खोटे नंबर सापडतात. ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग बंद करायला सांगावे. ठगाच्या सांगण्यावरून एखादे अ‍ॅप घेतले असेल, तर त्या फोनचे इंटरनेट आधी तोडावे आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. ठगाशी वादही घालू नये. तो सावध होऊन पैसे लवकर हलवतो.

रोखलेली रक्कम त्याच दिवशी परत मिळत नाही. तिला पोलिसांची व काही वेळा न्यायालयाची प्रक्रिया लागते. मधल्या काळात "थोडी फी भरा, पैसे सोडवून देतो" असा फोन आला, तर तो दुसरा ठग समजावा.