बाटलीच्या झाकणावर उभा माणूस

बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या पठारावर जाऊन आलेल्या पर्यटकांच्या फोटोंत एक प्रकार हमखास सापडतो. प्लास्टिकचा डायनासोर आ वासून उभा आहे आणि त्याच्यासमोर टीचभर माणसं जीव घेऊन पळताहेत. कुणी बुटाच्या टाचेला लोंबकळलंय, कुणी बाटलीच्या झाकणावर चढून झेंडा फडकावतंय. यात संगणकाची करामत काही नसते. तिथले वाटाडे जीपमध्ये अशी खेळणी बाळगूनच असतात. एक वस्तू कॅमेऱ्याजवळ ठेवायची, माणसाला लांब उभं करायचं आणि दोघं शेजारी आहेत असं भासवायचं, एवढाच हा खेळ. छायाचित्रकार याला फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात.

हा खेळ उयुनीत इतका रंगण्याचं कारण त्या जागेतच आहे. सुमारे 10,000 चौरस किलोमीटरचं हे पठार जवळजवळ सपाट आहे. मधे झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. एरवी अशाच ओळखीच्या गोष्टींवरून आपण अंतर जोखतो. शिवाय पठार 3,650 मीटर उंचीवर असल्यामुळे हवा विरळ आणि स्वच्छ असते, त्यामुळे लांबचा माणूस धुरकट दिसत नाही. प्रत्यक्ष तिथे उभा असलेला माणूस मात्र फसत नाही, कारण त्याला दोन डोळे असतात आणि तो मान हलवू शकतो. कॅमेऱ्याला डोळा एकच, आणि तोही एका जागी खिळलेला.

आता हिशेब मांडू. समजा, 30 सेंटीमीटर उंचीची पाण्याची बाटली लेन्सपासून 60 सेंटीमीटरवर ठेवली. 165 सेंटीमीटर उंचीचा माणूस तिच्या एक पंचमांश, म्हणजे 6 सेंटीमीटरचा दिसायला हवा. 165 ला 6 ने भागलं की साडेसत्तावीस येतात. माणसाला इतक्या पट लहान करायचं, तर बाटलीच्या अंतराच्या साडेसत्तावीस पट लांब पाठवायचं. म्हणजे साडेसोळा मीटर. क्रिकेटची खेळपट्टी साधारण वीस मीटरची असते. त्याहून हे अंतर कमीच आहे. ओहोटी लागलेला समुद्रकिनारा किंवा मोकळं मैदानही त्याला पुरतं.

एवढं करूनही बहुतेकांचा पहिला फोटो फसतो. माणूस हवा तेवढाच लहान दिसतो, पण झाकणावर उभा राहण्याऐवजी बाटलीच्या पायथ्याशी रेंगाळतो. मग छायाचित्रकार त्याला मागे जा, पुढे ये, असं ओरडत राहतो आणि काही उपयोग होत नाही. दोष माणसाच्या जागेचा नसतो, लेन्सच्या उंचीचा असतो. सपाट जमिनीवर लांब उभ्या असलेल्या माणसाचे पाय फोटोत क्षितिजाच्या अगदी लगत येतात, आणि क्षितिज नेहमी लेन्सच्या उंचीवर दिसतं. कॅमेरा जमिनीपासून 5 सेंटीमीटरवर असेल, तर माणसाचे पाय बाटलीवरही जवळपास 5 सेंटीमीटरवरच टेकलेले दिसणार. त्याला झाकणावर चढवायचं असेल, तर कॅमेराच झाकणाच्या पातळीवर आणावा लागतो. आपल्या उदाहरणात लेन्स जमिनीपासून सुमारे 31 सेंटीमीटरवर हवी, म्हणजे झाकणापेक्षा जेमतेम एक सेंटीमीटर वर. बाटलीच्या मध्यावर लटकलेला गिर्यारोहक हवा असेल, तर कॅमेरा 15 सेंटीमीटरच्या आसपास आणायचा. माणूस आहे तिथेच राहतो. चढतो तो कॅमेरा.

दुसरी अडचण उंचीने सुटत नाही. माणूस खरोखर बाटलीच्या मागे आहे, त्यामुळे बाटली त्याला झाकू शकते, तो बाटलीला कधीच झाकू शकत नाही. म्हणून बाटलीच्या समोरच्या अंगावरून सरसर चढणारा माणूस या पद्धतीने टिपता येत नाही. जे काही नाट्य घडवायचं, ते वस्तूच्या कडेला: वर उभं राहायचं, बाजूने लोंबकळायचं किंवा मागून डोकावायचं. उयुनीतले चांगले फोटो नीट पाहिले तर बहुतेक सगळे कडेवरच घडलेले असतात. काचेचं रिकामं भांडं याला अपवाद, कारण त्यातून मागचा माणूस दिसतो आणि तो आत कोंडलाय असं भासवता येतं.

बुटाच्या समोरच्या बाजूवर माणसं चढताना दाखवायचीच असतील, तर खऱ्या माणसांचा नाद सोडून बाहुल्या घ्याव्या लागतात. जपानचा तात्सुया तानाका 2011 पासून रोज एक असं छायाचित्र प्रसिद्ध करत आला आहे. त्यात ब्रोकोली झाड होते आणि जवळपास दोन सेंटीमीटरच्या माणसांना तिची सावली मिळते. तिथे वस्तू आणि बाहुली खरोखरच एकमेकांना टेकलेली असतात, म्हणून अंतराची लबाडी करावीच लागत नाही.

खऱ्या माणसांच्या फोटोत ही लबाडी उघडी पडते ती बहुधा फोकसमुळे. बाटली लखलखीत आणि माणूस पुसट, किंवा उलट, असं झालं की डोळा लगेच ओळखतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिलीमीटरची लेन्स लावून ॲपर्चर एफ/16 ठेवलं आणि सुमारे 1.2 मीटरवर फोकस केला, तर 60 सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे फोकस बाटलीवरही नाही आणि माणसावरही नाही, मधल्या रिकाम्या जागेवर. एफ/16 ला प्रकाश फार कमी आत येतो, त्यामुळे भरपूर ऊन लागतं. मोबाइलवर वाइड लेन्स घ्यावी आणि पार्श्वभूमी मुद्दाम पुसट करणारा पोर्ट्रेट मोड आठवणीने बंद करावा.

फोकस जमला तरी सावली चहाडी करते. झाकणावर उभ्या माणसाची सावली हवेत आडवी पसरलेली दिसली की संपलं. सूर्य एका बाजूला असेल तर हे घडतंच. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असेल तर सावली माणसाच्या मागे पडते आणि जवळजवळ दिसत नाही; फक्त छायाचित्रकाराची स्वतःची सावली बाटलीवर येऊ द्यायची नाही. नजरेचंही तसंच. लोंबकळणाऱ्याने खऱ्या बाटलीकडे पाहिलं तर तो कॅमेऱ्याकडे पाहतोय असं दिसतं. त्याने मान वर करून रिकाम्या आकाशातल्या एका बिंदूकडे पाहायचं असतं.

सिनेमावाल्यांनी हेच नियम स्टुडिओत नेले. डिस्नेच्या 1959 सालच्या ‘डार्बी ओ’गिल अँड द लिटल पीपल’मध्ये बुटक्यांचा राजा कॅमेऱ्यापासून खूप मागे बसवला आणि जवळचा व लांबचा चेहरा एकदम स्पष्ट यावा म्हणून सेटवर प्रचंड प्रकाश ओतला. पीटर जॅक्सनच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’मध्ये (2001) गाडीवर शेजारी बसलेले गँडाल्फ आणि फ्रोडो प्रत्यक्षात पुढेमागे बसले होते. कॅमेरा सरकला की हा मेळ बिघडतो, म्हणून काही दृश्यांत कॅमेऱ्याबरोबर फ्रोडोची बैठकही मोजूनमापून सरकवली गेली. पण दोघांनी एकमेकांना स्पर्श करायची वेळ आली की अंतराचा उपाय थांबतो. तिथे जॅक्सनलाही फ्रोडोच्या जागी किरण शहा यांच्यासारखा खरोखर ठेंगणा बदली नट उभा करावा लागला.