बुलढाण्याची खाती, मुंबई की हैदराबाद?

नकाशावर पट्टी ठेवली तर बुलढाण्यापासून मुंबई आणि हैदराबाद दोन्ही जवळपास सारखीच लांब, सरळ रेषेत चारशेच्या आसपास किलोमीटर. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन 2016 मध्ये सुरू झालं, हैदराबादचं 2022 मध्ये. त्यामुळे चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा शाखा असलेली एखादी पतसंस्था खाती क्लाउडवर न्यायला निघाली, की 'दोन्हीकडे डेटाबेस ठेवा, वेगही वाढेल आणि धोकाही टळेल' हा सल्ला सहज पटतो. त्यातलं वेगाचं म्हणणं बहुतेक चुकीचं आहे आणि धोक्याचं अर्धंच खरं.

आधी वेग. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. म्हणजे बुलढाणा ते मुंबई जाऊन यायला तत्त्वतः चारेक मिलिसेकंद. मोबाइल टॉवरपर्यंतच्या टप्प्यातच यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. खातेदार सगळे एकाच जिल्ह्यातले असताना दुसऱ्या रीजनमुळे त्यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. रस्त्याच्या खोदकामात शाखेची केबल तुटली तर दोन्ही रीजन सारखीच बंद. तिथे दुसऱ्या कंपनीची जोडणीच कामाला येते.

उलट, दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या ठेवायच्या म्हटल्या की काम मंदावतं. मुंबईत झालेली नोंद हैदराबादने 'मिळाली' म्हटल्याशिवाय पक्की धरायची नाही, असं ठरवलं तर प्रत्येक कमिटमागे एक फेरी वाढते. ती 15 मिलिसेकंदांची धरू. खिडकीवर पैसे मोजणाऱ्याला ते जाणवणार नाही. पण व्याज जमा करण्याच्या रात्री 50,000 खाती एकेक कमिट करत गेली, तर नुसत्या वाट पाहण्यात 750 सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं जातात. हजार-हजार खात्यांचं एक कमिट केलं तर हीच वाट सेकंदाच्या आत आटोपते. शिवाय हैदराबादची लाइन पडली की मुंबईतलं कमिटही अडून बसतं, हा या व्यवस्थेचा कमी बोलला जाणारा भाग.

मग बहुतेक जण वाट न पाहता मागाहून प्रत पाठवतात. इथे दुसरा गैरसमज डोकं वर काढतो: प्रत आहे म्हणजे काहीच हरवणार नाही. प्रत दोन सेकंद मागे असेल आणि मलकापूरला 20,000 पैकी 15,000 रुपये आत्ताच काढले असतील, तर हैदराबाद अजून 20,000 च सांगेल. म्हणून शिल्लक तपासणारी क्वेरी मुख्य डेटाबेसवरच, त्याच व्यवहाराच्या आत चालवावी लागते. अहवाल प्रतीवरून काढायला हरकत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत किती मागे आहे, ते मुख्य सर्व्हरवर असं दिसतं:

```sql
SELECT application_name, sync_state, replay_lag
FROM pg_stat_replication;
```

मुख्य रीजन अचानक गेलं, तर हा मागे राहिलेला भाग नव्या ठिकाणी नसतो. गिटहबने हे 21 ऑक्टोबर 2018 ला अनुभवलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची जोडणी फक्त 43 सेकंद तुटली. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य केलं. जोडणी परत आली तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. एका क्लस्टरवर अडकलेल्या नोंदी 954. त्यातच पूर्वेकडचे सर्व्हर बहुतेक क्वेरींसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले आणि संथ झाले. सगळं सुरळीत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

फेलओव्हर आपोआप झाला की काम भागलं, हा समजही याच घटनेने खोटा ठरतो. तिथे निर्णय बहुमतानेच झाला होता. बहुमत मुख्य कोण ते ठरवतं, न पोहोचलेल्या नोंदी आणून देत नाही. आणि मुंबई-हैदराबाद अशी दोनच ठिकाणं असतील तर बहुमतही होत नाही. लाइन तुटली की दोघांनाही समोरचाच मेला असं वाटू शकतं.

एका जिल्ह्याच्या संस्थेला परवडेल आणि पेलवेल अशी मांडणी त्यामानाने साधी आहे. मुंबई रीजनमध्येच एकमेकांपासून वेगळी ठेवलेली तीन झोन आहेत. त्यांच्यातलं अंतर कमी असल्याने तिथे वाट पाहून प्रत ठेवणं स्वस्त पडतं, आणि एक इमारत किंवा तिची वीज गेली तर झोन बदलणं आपोआप होऊ द्यावं. हैदराबादला मागाहून जाणारी प्रत ठेवावी, आणि तिकडे वळायचा निर्णय माणसाने घ्यावा. प्रत सिंगापूरला ठेवायचा मोह नको: पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्यांना बजावलं आहे.

बॅकअप मात्र वेगळा हवाच. चुकीच्या `DELETE` ची आज्ञाही प्रतीत इमानेइतबारे पोहोचते.

हैदराबादला वळायची वेळ आलीच, तर आधी मुंबईकडे लिहिणं पूर्ण बंद झाल्याची खात्री करायची. नंतर प्रतीत आलेला शेवटचा व्यवहार क्रमांक पाहायचा आणि त्यापुढच्या पावत्या शाखांनी गठ्ठ्यातून काढून तपासायच्या. परत येताना जुन्या मुंबईला आधी हैदराबादची प्रत बनवायचं, `replay_lag` उतरू द्यायचा, आणि शाखा बंद झाल्यावर लिहिणं थांबवून, शेवटची नोंद पोहोचली की मगच सूत्रं मुंबईकडे द्यायची.