दर पाहून गेलेल्याला काय लिहावं?

समजा, पुण्यातल्या छत्तीस फ्लॅटच्या एका सोसायटीत सामाईक मीटरचं बिल वाढत चाललंय. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळं त्याच मीटरवर. कमिटीत सोलरचा विषय निघतो आणि सेक्रेटरी सोमवारी रात्री एका सोलर कंपनीच्या साइटवर नाव आणि ईमेल भरून सोसायट्यांसाठीची मार्गदर्शिका डाउनलोड करतात. गुरुवारी रात्री ते पुन्हा येतात आणि दरांचं पान तीनदा उघडतात. शुक्रवारी सकाळी त्यांना मेल येतो: ‘काल रात्री आपण आमचे दर तीन वेळा पाहिलेत. आपल्याला नक्कीच रस आहे असं दिसतं. आज फोनवर बोलूया का?’

या मेलमध्ये खोटं काही नाही, उद्धटही काही नाही. तरी सेक्रेटरी दचकतात, कारण रात्री अकरा वाजता आपल्या घरात बसून आपण काय पाहिलं हे परक्या माणसाला माहीत आहे. मग ते मेलला उत्तर देत नाहीत आणि बहुधा त्या साइटवरही पुन्हा जात नाहीत. कंपनीच्या दृष्टीने हे दुहेरी नुकसान आहे.

कंपनीला हे कळतं कसं, ते आधी पाहू. साइट उघडली की ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी खूण ठेवली जाते. तोवर येणारा माणूस निनावी असतो. त्याने फॉर्ममध्ये ईमेल भरला की ती खूण त्याच्या नावाशी जोडली जाते आणि पुढची प्रत्येक भेट नावानिशी नोंदली जाते. दरांचं पान उघडलं की सेल्सच्या माणसाच्या स्क्रीनवर सूचना झळकते. ती पाहून हात शिवशिवतो आणि सूचनेतलंच वाक्य मेलमध्ये उतरतं.

इथे डाउनलोड आणि दर पाहणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. डाउनलोड करताना सेक्रेटरींनी पत्ता स्वतःहून दिला. तो दिल्याचं त्यांना आठवतं, त्यामुळे ‘आपण सोमवारी मार्गदर्शिका मागवली होती’ हे बिनदिक्कत लिहावं, किंबहुना लिहायलाच हवं, नाहीतर मेल कुठून आला हे त्यांना कळणार नाही. दर पाहिल्याचं मात्र त्यांनी कोणालाही सांगितलेलं नाही. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हात एकाच साडीकडे दोनदा गेला तर दुकानदार त्याच पोताच्या आणखी चार साड्या उलगडतो. आपल्याकडे दुकानदाराचं लक्ष आहे, हे तिथे गिऱ्हाइकालाही दिसत असतं. साइटवर ते दिसत नाही. म्हणून दर पाहिल्याची नोंद मेल कधी लिहायचा आणि कशाबद्दल लिहायचा हे ठरवण्यापुरतीच वापरावी. मेलच्या मजकुरात तिचा उल्लेख नसावा.

मग लिहायचं काय? दरांच्या पानावर तीनदा जाणारा सेक्रेटरी बहुधा स्वतःसाठी आकडा शोधत नसतो. त्याला तो कमिटीपुढे आणि मग सर्वसाधारण सभेत मांडायचा असतो, आणि तिथे येणारे प्रश्न ठरलेले असतात. गच्ची किती अडेल, बिल किती उतरेल, सरकारकडून काय मिळेल. या प्रश्नांची उत्तरं देणारा मेल असा होईल:

‘नमस्कार. आपण सोमवारी आमची मार्गदर्शिका मागवलीत, म्हणून हे लिहितोय. हा विषय सभेत मांडताना सोसायट्यांना लागणारा एक हिशोब त्यात तपशिलाने आलेला नाही. सामाईक मीटरचा वापर महिन्याला दोन हजार युनिटच्या आसपास असेल, तर १५ किलोवॅटचा संच साधारण पुरतो. त्याला सावली न पडणारी सुमारे १,५०० चौरस फूट गच्ची लागते. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर महिन्याला १,८०० युनिट होतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे या संचाला २ लाख ७० हजार. सभेपुढे ठेवता येईल असा एक पानी तक्ता सोबत जोडला आहे. आपल्या बिलाचे आकडे कळवलेत तर तो त्याप्रमाणे करून देईन.’

यात दरांचं पान कुठेही नाही, तरी ते पाहणाऱ्याच्या मनात जे असणार ते सगळं आहे. ज्यांनी दर पाहिलेच नाहीत त्यांनाही हा मेल चालला असता. मी मेल पाठवण्याआधी हीच कसोटी लावते: समोरच्याने ते पान उघडलंच नसतं, तरी हे वाक्य त्याला चमत्कारिक वाटलं नसतं ना?

मात्र लपवण्याच्या भरात खोटं लिहू नये. ‘आज सहज आपली आठवण झाली’ असं वाक्य दर पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलं की वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं, आणि पाळतीपेक्षा ते जास्त खटकतं. वरच्या मेलमध्ये दिलेलं कारण खरं आहे, त्यामुळे दुसऱ्या कारणाची गरजच नाही.

नोंदींवर फार विसंबूही नये. दर पाहणारा प्रतिस्पर्धी असू शकतो, प्रोजेक्ट करणारा विद्यार्थी असू शकतो. मेल ‘उघडला’ ही खूण तर आणखी कच्ची. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात, त्यामुळे न वाचलेला मेलही वाचल्यासारखा नोंदला जातो. काही कार्यालयांत सुरक्षेचं सॉफ्टवेअर मेलमधल्या सगळ्या लिंक स्वतःच उघडून तपासतं. अशा वेळी ‘आपण आमचा मेल वाचलात’ असं लिहिणं नुसतं आगाऊपणाचं नाही, चुकीचंही ठरू शकतं.

वेळेबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली आलेल्या एका लेखात, चौकशी आल्यावर तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता जवळपास सातपट असल्याचं म्हटलं होतं. तेव्हापासून कोणी पान उघडलं तरी फोन फिरवायची घाई होते. पण त्या लेखातली माणसं स्वतःहून चौकशी करणारी होती. दर पाहणाऱ्याने काही विचारलेलं नसतं. मार्गदर्शिका पोहोचल्याचा मेल लगेच जावा, दरांच्या अंगाने लिहिलेला मेल मात्र एखाद-दोन दिवसांनी, दिवसाच्या कामाच्या वेळेत जावा. रात्री अकराच्या भेटीनंतर पाच मिनिटांत मेल गेला, तर मजकूर कितीही सावध असो, वेळच सगळं सांगून टाकते.

याची खरी तयारी फॉर्मपाशीच होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच असा आहे की माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगावं आणि संमती तेवढ्यापुरतीच धरावी. म्हणून बटणाच्या वर साधं वाक्य हवं: ‘मार्गदर्शिकेनंतर सोलरबद्दल आणखी दोन मेल पाठवू. साइटवर आपण कोणती पानं पाहता याची नोंद आम्ही ठेवतो. नको असेल तर कळवा.’ पुढे कोणी विचारलंच, ‘मी दर पाहिले हे तुम्हाला ठाऊक होतं का?’ तर ‘हो’ म्हणावं आणि नोंद काढून टाकायची तयारी दाखवावी.

उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने दुसरा मेल, नवीन काही सांगण्यासारखं असेल तरच, आणि मग थांबावं. उत्तर आलं तर बहुधा असं येतं: ‘तक्ता मिळाला. तुमच्या साइटवरच्या दरात पाच वर्षांची देखभाल धरली आहे का?’ आता दर पाहिल्याचं सेक्रेटरींनी स्वतःच सांगितलं, आणि त्या पानावरच्या प्रत्येक आकड्याबद्दल मोकळेपणाने लिहिता येतं.