हायड्रोजनची एकवीस सेंटीमीटरची हाक

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्पिन असते, त्यामुळे दोघेही इवल्याशा चुंबकांसारखे वागतात. सर्वांत खालच्या ऊर्जापातळीतही या चुंबकत्वामुळे दोन पायऱ्या पडतात: स्पिन समांतर असतील तर ऊर्जा किंचित जास्त, विरुद्ध असतील तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनचे स्पिन उलटले की फरकाची ऊर्जा रेडिओलहर होऊन बाहेर पडते. तिची वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी २१ सेंटीमीटर.

गंमत म्हणजे एकट्या अणूला हे आपणहून करायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षे लागतात! मग संकेत मिळतो कसा? अणू अफाट आहेत म्हणून. शिवाय पायरी इतकी बुटकी, की थंड वायूतही सुमारे तीनचतुर्थांश अणू वरच्या पायरीवरच असतात.

व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४मध्ये या २१ सेंटीमीटरच्या रेषेचे भाकीत केले. १९५१मध्ये हार्वर्डला यूएन आणि पर्सेल यांनी खिडकीबाहेर लाकडी-तांब्याचा कर्णा लावून ती रेषा पकडली. उपकरणाच्या खरखरीत ती बुडू नये म्हणून यूएन रेषेवरची आणि शेजारची वारंवारता आलटून पालटून मोजत, आणि फरक तेवढा ठेवत.

वायू दूर जात असेल, तर रेषा खालच्या वारंवारतेकडे सरकते: ती १४१९.४ मेगाहर्ट्झवर दिसली, तर वायू सेकंदाला सुमारे २११ किलोमीटर वेगाने दूर जातोय. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण हीच रेषा दूरच्या दीर्घिकांत शोधते. तिथे ती सरकत पार हजार मेगाहर्ट्झच्याही खाली पोचते. पंचाईत अशी, की त्याच पट्ट्यात मोबाइलचे टॉवरही बोलत असतात.